हिरव्या त्रिकोणाची बाटली: लेबलावरच्या खुणा आल्या कुठून

शहापूरकडे भात आणि भेंडी करणारा माझा आतेभाऊ गेल्या पावसाळ्यात ठाण्याला आमच्याकडे आला, तो पिशवीत औषधाची एक अर्धी बाटली घेऊन. भातावर खोडकिडा पडला म्हणून त्याने क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी फवारलं होतं. आठ दिवसांनीही गाभेमर, म्हणजे रोपाचा मधला कोंब सुकणं, थांबली नव्हती. "दादा, तू वाचतोस ना इंग्रजी, बघ जरा," म्हणाला. इंग्रजीचा प्रश्न नव्हताच. ते लेबल कसं तयार होतं, हे माहीत असायला हवं होतं. आणि त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

भारतात कीटकनाशकाच्या बाटलीवर काय छापायचं याचा विचार नकली मालामुळे सुरू झाला नाही, तो विषबाधेमुळे सुरू झाला. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन नावाच्या जहाल औषधाने दूषित झालेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. चौकशीसाठी न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला गेला. खाण्याचा माल आणि विष एकमेकांच्या संपर्कात येऊ कसं शकलं, हा त्यातला मूळ सवाल. पुढे कीटकनाशक कायदा झाला १९६८ मध्ये आणि त्याचे नियम आले १९७१ मध्ये.

म्हणून लेबलावरची सगळ्यात ठळक खूण धोक्याची आहे, खरेपणाची नाही. कोपऱ्यावर उभा केलेला तो चौकोन लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापेल एवढा असावा लागतो. तो दोन त्रिकोणांत विभागलेला असतो. वरच्यात इशाऱ्याचा शब्द, खालच्यात रंग. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात सौम्य तो हिरवा. अक्षर न येणाऱ्या माणसालाही बाटली स्वयंपाकघरात ठेवायची नाही, एवढं कळावं म्हणून ही योजना. आमच्याकडे अजूनही पुष्कळ जण हिरवा त्रिकोण म्हणजे 'जैविक औषध' समजतात, ते चूक आहे. भावाच्या बाटलीवर हिरवाच होता आणि या औषधाला तोच शोभतो. नक्कल करणाऱ्याला रंगाची नक्कल सगळ्यात सोपी.

कायद्याच्या भाषेतही हे मूळ दिसतं. १९६८ च्या कायद्यात 'बनावट' असा वेगळा गुन्हाच नाही. आहे तो शब्द 'मिसब्रँडेड', म्हणजे लेबल खोटं, अपुरं किंवा फसवं असलेला माल. औषधाचं प्रमाण थोडं कमी भरलेला कारखाना आणि गोदामात बाटल्यांत रंगीत पाणी ओतणारा माणूस, दोघांचे नमुने याच एका शब्दाखाली येतात. कृषी खात्यातले लोक आपले सरळ म्हणतात, "नमुना अप्रमाणित आला."

आता भावाची बाटली. पहिलं बॅच बघितलं. लेबलं छापखान्यात आधीच ढिगाने छापून ठेवतात. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत मात्र बाटली भरताना ठरते, म्हणून ती शेवटी वेगळ्या यंत्राने उमटते. त्या छपाईत जवळून बघितलं तर बारीक ठिपके दिसतात, ओळ जराशी तिरकी असते, कधी लेबलाच्या रेषेवर चढलेली असते. या बाटलीवरचा बॅच नंबर अगदी सरळ, देखणा, बाकीच्या मजकुराइतकाच चकचकीत होता. भिंगातून बघितलं तर शाई आणि चकाकी तीच. म्हणजे बॅच लेबलाबरोबरच छापली होती, माल भरण्याच्या आधी. शंका आली ती इथे.

दुसरा नोंदणी क्रमांक. तो 'सीआयआर'ने सुरू होतो, मग आकडा, तिरक्या रेघेपुढे नोंदणीचं वर्ष आणि त्यापुढे रसायनाचं नाव व कंसात त्याचा प्रकार. लोक आकडा बघतात, शेपूट बघत नाहीत. इथे नाव बरोबर होतं, पण कंसात द्रव औषधाच्या 'एससी'ऐवजी 'जीआर' होतं. जीआर म्हणजे दाणेदार, भातात फेकायचं. आणि बाटलीत द्रव! कुणीतरी दाणेदार औषधाच्या पुडीवरून क्रमांक उतरवला होता.

कंपनीचं नाव अनोळखी होतं, पण त्याला मी फार वजन दिलं नाही. या रसायनाचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्यानंतर अनेक कंपन्या ते कायदेशीरपणे विकू लागल्या. त्याआधी अनोळखी नाव ही मोठी खूण होती, आता नाही.

तिसरी खूण तोंडाशी. झाकणाखालची चांदीसारखी पन्नी कारखान्यात उष्णतेने बाटलीच्या काठाला चिकटवतात. ती सोलली की काठावर पन्नीचा बारीक, सगळीकडे सारखा पट्टा उरतो. इथे ती सबंध निघून आली होती आणि काठावर गोंदाचा पिवळट थर होता.

या तपासणीला मर्यादा आहे. अस्सल कंपनीची रिकामी बाटली उचलून पुन्हा भरली, तर लेबल आणि क्रमांक अस्सलच असणार. तिथे फक्त पन्नी आणि झाकणाची कडी बोलते. म्हणून औषध संपल्यावर बाटलीला भोक पाडून ती निकामी करायची असते. भंगारवाल्याला दिलेली धड बाटली कुठे जाईल, सांगता येत नाही.

बियाण्याची कहाणी थोडी वेगळी. बियाणे कायदा १९६६ चा, पण विक्रेत्याला परवान्याची सक्ती आली ती १९८३ च्या नियंत्रण आदेशाने. मधली सतरा वर्षं दुकानदाराकडे बियाण्याचा परवाना मागायची सोयच नव्हती. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत. पिशवीला निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. हिरवट टॅग म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेली माहिती, खातरजमा यंत्रणेने केलेली नव्हे. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के हवी, ती ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून घरीही बघता येते. पण शंभरच्या शंभर उगवले तरी ते कोणत्या वाणाचे, हे रोपावरून कळत नाही. खाण्याचा भात गुलाबी रंग लावून 'कर्जत' वाणाचं बियाणं म्हणून विकला, तर तोही उगवेलच.

पुन्हा बाटलीकडे. भावाला वाटलं, ठाण्यातल्या कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळेत नेऊन दिली की झालं. तसं होत नाही. उघडलेल्या बाटलीत नंतर कुणी काय घातलं, कोण सांगणार? कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातून सीलबंद माल घेतो आणि नमुन्याचे तीन भाग करतो: एक दुकानदाराकडे, एक प्रयोगशाळेत, एक कोर्टासाठी राखीव. अहवाल दुकानदाराला मान्य नसेल तर २८ दिवसांत तसं कळवून केंद्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणी मागता येते. म्हणजे शेतकऱ्याची बाटली पुरावा होत नाही, त्याच बॅचची दुकानातली सीलबंद बाटली होते. आणि शेतातल्या बाटलीला दुकानाशी जोडणारा एकच धागा: पक्क्या बिलावर लिहिलेला बॅच नंबर.

भावाकडे होती कच्ची चिठ्ठी. पेन्सिलीने "भात औषध १", खाली रक्कम. आम्ही तरीही पंचायत समितीत गेलो. तिथल्या साहेबांनी बाटली उलटसुलट बघितली, कंसातला जीआर बघून हसले आणि आमच्यासमोरच दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, त्या नावाचा माल आम्ही ठेवतच नाही.