अंथरुणातले तास आणि झोपेचे तास

आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, किंवा मध्येच मोडत असेल, आणि त्याचा दिवसा त्रास होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणते. अशी व्यक्ती बहुधा एक साहजिक उपाय करते. झोप कमी पडते म्हणून ती लवकर आडवी होते आणि सकाळी उशिरापर्यंत पडून राहते. मात्र त्यामुळे अंथरुणातला जागेपणा वाढतो, आणि हळूहळू मेंदू अंथरुणाची सांगड झोपेऐवजी जागरणाशीच घालू लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये याच्या नेमकी उलट पद्धत मांडली. माणूस सरासरी जितका वेळ झोपतो, जवळजवळ तितकाच वेळ त्याने अंथरुणात काढायचा. जागे राहण्याचा काळ लांबला की झोपेची जैविक ओढ वाढते आणि झोप सलग होते. झोप सुधारली, की हा वेळ थोडा थोडा वाढवत न्यायचा. किती वाढवायचा आणि केव्हा, हे रोजच्या नोंदी आणि आठवड्याचा आढावा ठरवतात.

नोंद सकाळी उठल्यावर, अंदाजानेच करायची असते: अंथरुणात कधी गेलो, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागा होतो, कधी उठलो. रात्री घड्याळ पाहू नये, कारण वेळ मोजण्याची धडपडच झोप उडवते. झोप मोजणाऱ्या मनगटी घड्याळावरही येथे विसंबता येत नाही, कारण निश्चल पडून जागे राहणाऱ्याला ते अनेकदा झोपलेला समजते. या नोंदीशेजारी तीन रकाने असावेत, आणि त्यांत फक्त बरोबरची किंवा चुकीची खूण करावी: ठरलेल्या वेळेआधी अंथरुणात गेलो नाही, ठरलेल्या वेळी उठलो, वामकुक्षी घेतली नाही.

एक कल्पित उदाहरण पाहू. एक गृहस्थ रात्री 10 ला आडवे होतात आणि सकाळी 6.30 ला उठतात. सुरुवातीच्या नोंदींनुसार या साडेआठ तासांत त्यांची झोप सरासरी 5 तास 40 मिनिटे होते. झोपेची मिनिटे भागिले अंथरुणातली मिनिटे, म्हणजे 340 भागिले 510, ही त्यांची झोपेची कार्यक्षमता झाली, सुमारे 67 टक्के. त्यांना रात्री 12.15 ते सकाळी 6 असा पावणेसहा तासांचा वेळ ठरवून दिला जातो. पुढचा नियम सोपा आहे. आठवड्याची कार्यक्षमता 90 टक्के किंवा अधिक आली तर 15 मिनिटे वाढवायची, 85 ते 90 मध्ये असेल तर काही बदलायचे नाही, आणि त्याखाली गेली तर 15 मिनिटे कमी करायची. उपचारकांनुसार हे आकडे थोडेफार बदलतात.

पहिल्या आठवड्यात एका रात्री ते जेमतेम साडेतीन तास झोपले. दुसऱ्याच दिवशी योजना सोडून द्यावी असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु उरलेल्या सहा रात्री सरासरी सव्वापाच तासांच्या निघाल्या, आणि आठवड्याची सरासरी पाच तास, म्हणजे 87 टक्के आली. वेळ तोच राहिला. दुसऱ्या आठवड्यात सरासरी सव्वापाच तासांवर गेली, कार्यक्षमता 91 टक्के झाली, आणि झोपायची वेळ 12 वर आली. उठण्याची वेळ मात्र 6 च राहिली. ती हलवली तर शरीराच्या घड्याळाचा खुंटाच निखळतो.

समजा, दुसऱ्या आठवड्यात 78 टक्के आले असते. अशा वेळी अनेक जण थेट आकड्यावरून निर्णय घेतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी गफलत आहे. आधी खुणा पाहाव्यात. शनिवार-रविवारी आठपर्यंत लोळणे झाले असेल किंवा दुपारची डुलकी तीनदा लागली असेल, तर योजनेची परीक्षा झालेलीच नाही. मग वेळ कमी न करता तोच आठवडा पुन्हा, नीट पाळून काढायचा आणि पाळणे कशामुळे अडले ते शोधायचे. सातही दिवस बरोबरच्या खुणा असूनही आकडा पडला, तरच वेळ कमी करायचा.

सुरुवातीचे आठवडे दिवसा पेंग येते, त्यामुळे वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांसाठी ते धोक्याचे असतात. अंथरुणातला वेळ सहसा पाच तासांखाली नेत नाहीत. अपस्मार, द्विध्रुवी विकार, झोपेत चालण्याची सवय किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्यांनी हे स्वतःहून करू नये. इतरांनीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करणे बरे.

आपल्या गृहस्थांचा वेळ तिसऱ्या आठवड्यानंतर सव्वासहा तासांवर गेला. चौथ्या आठवड्यात सर्व खुणा बरोबर असूनही कार्यक्षमता 85 टक्क्यांवर उतरली, म्हणून तो तेथेच थांबवला गेला. वाढवलेली 15 मिनिटे झोपेत न जाता जागेपणातच जात राहिली आणि दिवसा मात्र पेंग येत नसली, तर त्यांची गरज साधारण तेवढीच आहे असे मानून वाढ थांबवतात.