टेबल कॅलेंडरची मागची बाजू: नाव कोणाला दिसावं, याची पार्श्वभूमी

छापखान्यांनी कॅलेंडर भेट द्यायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. 1889 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका लहान गावातल्या वृत्तपत्रवाल्यांनी कोर्टाच्या इमारतीचं चित्र आणि भोवती जाहिराती असं कॅलेंडर छापलं, आणि त्यातून पुढे चित्रमय जाहिरात-कॅलेंडरांचा मोठा धंदा उभा राहिला. ती कॅलेंडरं भिंतीवरची. त्यांत छापखान्याच्या नावाचा प्रश्न सोपा होता: पुठ्ठ्यावर नाव, खाली तारखांची गड्डी. पानं फाटत गेली तरी नाव वर्षभर जागेवर.

टेबलावर आल्यावर गणित बदललं. दोन कमानींच्या स्टँडवर रोजची सुटी पानं उलटायची पद्धत आली, तेव्हा वर्षअखेरीस नवा संच लागे आणि गिऱ्हाईक आपोआप परत येई. स्टँडवरचं नाव अनेक वर्षं टिके. पुढे वायरो बाइंडिंगचा, म्हणजे माथ्याला तारेच्या कड्यांनी पानं बांधलेला पुठ्ठ्याचा तंबू आला आणि पान फाडायचं बंद झालं. पान माथ्यावरून मागे जातं आणि मागच्या उतारावर पसरतं. म्हणजे कॅलेंडरला दुसरा वाचक मिळाला, तो म्हणजे टेबलापलीकडे बसलेला पाहुणा.

वाद नेमका इथे आहे. कॅलेंडर सात पानांचं करायचं की तेरा? स्वस्त सात. मुखपृष्ठ आणि सहा पानं, दोन्ही बाजूंना महिने. जूनपर्यंत समोरून वाचायचं, मग जूनचं पान उलटून स्टँड फिरवायचा, आणि पानं उलट्या क्रमाने परत येतात. त्यामुळे जानेवारीच्या पाठीला डिसेंबर, फेब्रुवारीच्या पाठीला नोव्हेंबर, असं करत जूनच्या पाठीला जुलै येतो. प्रत्येक पानावरच्या दोन महिन्यांच्या क्रमांकांची बेरीज 13 भरली पाहिजे. मुखपृष्ठाच्या पाठीला पुढच्या वर्षाचं एका पानातलं वेळापत्रक टाकतात, कारण डिसेंबर उलटल्यावर मालकाला तेच दिसतं.

तोटा पाहुण्याच्या बाजूला. फेब्रुवारीत समोर फेब्रुवारी असतो, पण मागून जानेवारीची पाठ, म्हणजे डिसेंबर दिसतो. चुकीचा महिना दाखवणाऱ्या बाजूकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि छापखान्याला तर तीच बाजू हवी असते.

तेरा पानांत समोर मुखपृष्ठ आणि बारा महिने. मुखपृष्ठाच्या पाठीला जानेवारी, जानेवारीच्या पाठीला फेब्रुवारी, असं करत नोव्हेंबरच्या पाठीला डिसेंबर. कोणत्याही महिन्यात दोन्ही बाजूंना तोच महिना. मागे मोठ्या आकड्यांचा महिना आणि छापखान्याचं नाव, पुढे लिहायला चौकटी. नेहमीची चूक अशी, की एकच पान म्हणून डिझायनर जानेवारीच्या पाठीलाही जानेवारीच ठेवतो. पडद्यावर ते बरोबर दिसतं, पण बांधल्यावर पाहुण्याला वर्षभर आधीचा महिना दिसत राहतो. म्हणून साध्या कागदाची डमी करून, पेन्सिलीने महिने लिहून, एकदा पूर्ण वर्ष उलटून बघावं. दोन्ही बाजूंचा माथा वायरकडेच ठेवायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या सवयीने मागची बाजू उलटी लावली, तर पाहुण्याला अक्षरं उलटी दिसतात.

तेरा पानं महाग पडतात, असं म्हणणारे हिशेब नीट मांडत नाहीत. पान 210 × 148 मिलिमीटर, ब्लीडसह, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड धरून, 216 × 154. 20 × 30 इंची कागदावर अशी नऊ पानं बसतात. सात पानं एका फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या एका मोठ्या कागदात मावतात, तेराला दोन लागतात. म्हणजे कागद दुप्पट होतो, पण पुठ्ठा, पंचिंग आणि जोडणी जवळपास तीच राहते. दोन फॉर्ममधल्या उरलेल्या पाच जागांत नावाच्या चिठ्ठ्या छापता येतात. डिजिटल मशिनं 1993 पासून बाजारात आल्यावर याच पाठीवर गिऱ्हाइकाचं स्वतःचं नाव छापणंही शक्य झालं, मात्र मोठ्या संख्येला ऑफसेटच परवडतं.

वायर मात्र जपून निवडावी. 300 जीएसएम वजनाच्या कागदाची तेरा पानं साधारण साडेचार मिलिमीटर होतात. त्यात दोन मिलिमीटरचे दोन पुठ्ठे धरले की साडेआठ. त्यावर तीनेक मिलिमीटर मोकळीक हवी, म्हणून 12.7 मिलिमीटर व्यासाची वायर घ्यावी. यापेक्षा घट्ट वायरमध्ये पान माथ्यावरून जाताना अडतं आणि भोकं फाटू लागतात. वायरचं तोंड नीट मिटलं नसेल, तर त्याच फटीतून पान निसटतं.

लॅमिनेशन एकाच बाजूला केलं, तर दुसरी बाजू हवेतला ओलावा ओढते आणि पान वळतं. लिहायच्या बाजूला ग्लॉस लावू नये, बॉलपेनची शाई पुसली जाते. समोरचं नाव पानावर न टाकता पुठ्ठ्याच्या तळपट्टीवर टाकावं. त्यासाठी पुठ्ठा पानापेक्षा वीस मिलिमीटर उंच कापावा लागतो. तेवढी पट्टी उघडी राहिली की पान उलटलं तरी ते नाव हलत नाही, आणि पाहुण्यासाठीचं नाव मागच्या बाजूवर वेगळं राहतं.