प्रसंग–कृती–परिणाम पद्धत (मुलाखतीची तयारी)

नोकरीच्या मुलाखतीत ‘असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही…’ अशा धाटणीचे प्रश्न विचारले जातात. त्यांना वर्तनाधारित प्रश्न म्हणतात. त्यांच्या उत्तरासाठी स्वतःच्या कामातला खरा अनुभव आधीच तीन भागांत मांडून ठेवायचा, ही प्रसंग–कृती–परिणाम पद्धत. आधी परिस्थिती काय होती, मग उमेदवाराने स्वतः काय केले आणि शेवटी त्यातून काय निष्पन्न झाले, असा तो क्रम. प्रसंगातून उमेदवारावर आलेली जबाबदारी वेगळी काढून सांगितली की याच पद्धतीला, चार भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘स्टार’ म्हणतात. आयटी कंपन्यांच्या मुलाखतींमुळे तेच नाव आपल्याकडे जास्त रुळले आहे. व्यवहारात दोन्हींत फारसा फरक नाही.

या प्रश्नांचे मूळ अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सैन्याच्या हवाई दलासाठी वैमानिकांची निवड आणि प्रशिक्षण यांचा अभ्यास करताना जॉन फ्लॅनगन यांनी मतांऐवजी प्रत्यक्ष घडलेले निर्णायक प्रसंग गोळा करण्याची रीत विकसित केली. 1954 मध्ये त्यांनी ती लेखरूपात मांडली. 1970 च्या दशकात डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या सल्लागार संस्थेने मुलाखतकारांना उमेदवाराचे उत्तर तपासण्यासाठी ‘स्टार’ची चौकट शिकवायला सुरुवात केली. म्हणजे ही चौकट मुळात टेबलाच्या पलीकडच्या बाजूची. उमेदवारांनी ती नंतर उचलली. अॅमेझॉनसारख्या कंपन्या आता उमेदवारांनाच ती वापरण्याचा सल्ला देतात.

हे लक्षात ठेवले की तयारीचा रोख बदलतो. मुलाखतकारापुढे गुण देण्याचा तक्ता असतो आणि त्यात ‘गोष्ट रंगली का’ असा रकाना नसतो. उमेदवाराने नेमके काय केले आणि ते का केले, हे त्याला टिपून घ्यायचे असते. म्हणून दोन मिनिटांच्या उत्तरात प्रसंगाला वीस-पंचवीस सेकंद पुरतात, परिणामालाही तेवढेच, आणि उरलेला सगळा वेळ कृतीचा. पहिल्या तालमीत बहुतेकांचे प्रमाण नेमके उलटे निघते. कंपनीची ओळख, विभागाची रचना, साहेबांचा स्वभाव यांतच दीड मिनिट जाते आणि मुख्य काम ‘मग आम्ही ते सोडवलं’ या एका वाक्यात उरकते.

एका काल्पनिक उमेदवाराचे उदाहरण घेऊ. चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीनवर शाफ्ट तयार होतात. कारखाना एकाच शिफ्टमध्ये चालतो आणि रात्री बंद असतो. उमेदवार तिथे क्वालिटी विभागात आहे. प्रश्न येतो: ‘मुळाशी जाऊन सोडवलेली एखादी अडचण सांगा.’ त्याचा पहिला मसुदा असा: ‘आमच्याकडे रिजेक्शन खूप होतं. त्यावर अॅनालिसिस करण्यात आलं, टीमने मेहनत घेतली आणि रिजेक्शन बरंच कमी झालं.’ यात खोटे काहीच नाही, पण गुण देता येईल असेही काही नाही.

तोच अनुभव उकलून लिहिला की असा दिसतो. दिवसाला सुमारे चारशे नग निघत आणि त्यांतले सोळाच्या आसपास व्यासात बसत नसत. सगळे ऑपरेटरच्या हाताला दोष देत होते. इथे प्रसंग संपला. आता कृती: ‘मी आठवडाभर प्रत्येक रिजेक्ट नगावर वेळ लिहून ठेवली. सोळांपैकी दहा-अकरा नग पहिल्या तासातलेच निघाले, ऑपरेटर कुणीही असो. रात्रभर थंड पडलेलं मशीन तापताना माप सरकत असावं, असा मला संशय आला. म्हणून तीन दिवस माल लावण्याआधी मशीन वीस मिनिटं रिकामं फिरवून घेतलं, आणि पहिल्या तासातले खराब नग एक-दोनवर आले. सुपरवायझरने मात्र हरकत घेतली. वीस मिनिटांत सोळा-सतरा नग निघतात, म्हणजे वाचतात त्यापेक्षा जास्त बुडतात. त्यांचा हिशेब बरोबर होता. मेंटेनन्सचा माणूस तसाही शिफ्टच्या अर्धा तास आधी येतो, हे मला माहीत होतं. त्याच्याशी बोलून मशीन फिरवायचा प्रोग्रॅम त्याने सुरू करायचा असं ठरवलं आणि त्याला सुपरवायझरची मान्यता घेतली.’ परिणाम: महिनाभरात रोजचे रिजेक्शन सोळावरून सहा-सातवर आले आणि उत्पादनाचा वेळ बुडाला नाही. उरलेल्या नगांचे कारण वेगळे होते, ते यात सुटले नाही.

या उत्तरातला सर्वांत मोलाचा भाग सुपरवायझरच्या हरकतीचा आहे. तयारी करताना उमेदवार नेमका तोच गाळतात, कारण त्यात आपण चुकलेले दिसतो. पण निर्णय घेण्याची रीत तिथेच उघडी पडते, आणि पुढचे उपप्रश्न तिथेच येतात: ‘वेळ लिहायचं कुणाला सुचलं?’, ‘मान्यता मिळाली नसती तर?’ ज्याने खरेच काम केले आहे, त्याच्याकडे अशा प्रश्नांवर आणखी तपशील निघतो. उसनी किंवा फुगवलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला पुन्हा पहिल्याच वाक्यांवर येऊन थांबते.

मराठी उमेदवारांची एक खास अडचण भाषेतच आहे. ‘मी केलं’ म्हणणे आपल्याकडे बढाईचे वाटते, म्हणून ‘आम्ही केलं’, ‘करण्यात आलं’, ‘होऊन गेलं’ अशी कर्ता लपवणारी वाक्ये सहज येतात, आणि इंग्रजीत बोलतानाही तीच सवय सोबत येते. त्यावर साधा उपाय असा की लिहिलेल्या मसुद्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी आणि ते कुणी केले हे समासात लिहावे. इतरांनी केलेले त्यांच्या नावावर राहू द्यावे, म्हणजे उरलेला ‘मी’ उद्धट वाटत नाही. वरच्या उदाहरणात मशीन रोज फिरवतो मेंटेनन्सचा माणूस. उमेदवाराने फक्त ते जुळवून आणले, आणि तेवढे पुरेसे आहे.

तयारीसाठी गेल्या दोन-तीन वर्षांतले सहा ते आठ प्रसंग पुरतात. त्यांत मतभेदाचा एक आणि फसलेल्या कामाचा एक असावाच. शोध जुन्या ईमेलपासून, वहीपासून सुरू करावा, कारण नुसत्या आठवणीतून आकडे गोल होऊन येतात. एकच प्रसंग अनेक प्रश्नांना चालतो: शाफ्टची गोष्ट चिकित्सेची आहे तशीच हरकत हाताळण्याचीही आहे, फक्त कुठे थांबायचे ते बदलते. प्रत्येक प्रसंगासाठी पाच-सहा शब्दांचे टाचण ठेवावे. पूर्ण उतारा पाठ केला की वक्तृत्व स्पर्धेचा सूर लागतो आणि मध्येच प्रश्न आला की धागा तुटतो. ग्राहकाचे नाव किंवा गोपनीय आकडे सांगू नयेत. ‘एक मोठा वाहन उत्पादक’ एवढे चालते.

आकड्यात मोजता येईल असा परिणाम प्रत्येक कामाला नसतो. तेव्हा टक्केवारी रचण्यापेक्षा बदल कशावरून कळला ते सांगावे: तक्रारीचे फोन थांबले, नवी पद्धत दुसऱ्या विभागाने उचलली. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना कॉलेजचा प्रकल्प, इंटर्नशिप किंवा गणेशोत्सव मंडळाचा हिशेब सांभाळल्याचा प्रसंगही घेता येतो. मात्र ‘असं झालं तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तिथे घडलेली गोष्ट सांगत बसलात तर विचारलेले बाजूलाच राहते. आधी त्या परिस्थितीत काय कराल ते सांगावे आणि पूर्वीच्या अनुभवाचा आधार हवा असेल तर एका वाक्यात द्यावा.