तिखट नव्हे, तर्री

सावजी मटण खाऊन पोट दुखलं की नागपुरात आरोपी ठरलेला असतो: तिखट. औषधही ठरलेलं, ॲसिडिटीची गोळी. पण कळ नेमकी कधी उठते, किती वेळ टिकते आणि कशाने जाते, हे आधी पाहावं.

समजा, महालात राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका बाईंना रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने बरगड्यांखाली, जरा उजवीकडे दुखू लागलं. दुखणं चढत गेलं, पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत पोचलं. कूस बदलली, फेऱ्या मारल्या, अँटासिड घेतलं, फरक नाही. तीन तासांनी आपोआप थांबलं. मग तीन आठवडे काहीच नाही आणि पुन्हा एका लग्नाच्या जेवणानंतर तेच.

हे बहुधा पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं. तर्रीतलं तेल लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावून पित्तरस बाहेर ढकलतं. खडा तोंडाशी अडकला तर आतला दाब वाढतो आणि कळ येते. खडा मागे सरकला की ती थांबते. इथे आम्लाचा संबंधच नाही, म्हणून ॲसिडिटीच्या गोळीचाही उपयोग नाही. (कळ तशीही थांबणारच असते, श्रेय मात्र गोळीला मिळतं.)

ॲसिडिटीची जळजळ छातीच्या मागे चढते, आडवं झाल्यावर वाढते आणि अँटासिडने थोड्या वेळात शमते. अल्सरचं दुखणं वरच्या पोटात मधोमध. जठरातला अल्सर बऱ्याचदा जेवल्यावर लगेच दुखतो. त्यापुढच्या आतड्यातला रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री दुखतो आणि काही खाल्लं की बरं वाटतं. तिखटाने अल्सर होत नाही. मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि गुडघे-कंबरेसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. जिवाणूचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं.

अर्थात लक्षणं इतकी सुटी-सुटी नेहमी येत नाहीत, तेव्हा तपासणीच निकाल देते. खड्यांसाठी सोनोग्राफी करतात, तीही सहा-आठ तास उपाशीपोटी, कारण जेवल्यावर पित्ताशय आक्रसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. अल्सर मात्र सोनोग्राफीत कळत नाही. त्याला एंडोस्कोपीच लागते. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे अल्सर नाही, असं समजू नये. उलट, खडे दिसले पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते.

डांबरासारखी काळी, चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, हे डॉक्टरांना सांगावं), रक्ताची उलटी, पोट फळीसारखं कडक होणं, सहा तासांनंतरही न थांबणारी कळ, थंडी वाजून ताप किंवा डोळे पिवळे होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वजन घटत असेल, घास अडकत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा हा त्रास साठीनंतर नव्याने सुरू झाला असेल, तर एंडोस्कोपी लांबवू नये. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाचं दुखणंही काही काळ दबतं. आणि कळ येताना घाम फुटला, धाप लागली, जबडा किंवा हात भरून आला, तर सगळ्यात आधी ईसीजी.