खिडकीच्या उजेडातले उत्पादन-छायाचित्रण

घरातल्या खिडकीतून येणारा उजेड, मागे-खाली पसरलेला पांढरा कागद किंवा चादर आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावर विक्रीच्या मालाचे फोटो काढून ते कॅटलॉगच्या पानासाठी तयार करण्याची पद्धत. स्टुडिओचे दिवे न वापरता माल पांढऱ्या पार्श्वभूमीवर, खऱ्या रंगात आणि स्पष्ट कडांनिशी दाखवणे हे तिचे उद्दिष्ट. सांगली जिल्ह्यात हळद, बेदाणे, गूळ, मसाले विकणारे छोटे उद्योजक आणि बचत गट ही पद्धत वापरतात. यांतली हळद सर्वांत अवघड. तिचा पिवळा रंग मोबाईलला चकवतो आणि चकचकीत पाकिटात समोरची खिडकी दिसते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचे गिऱ्हाईक पहिल्यांदा रंगच पाहते. फोटोत एक रंग आणि हातात दुसरा आला, की माल परत येतो. म्हणून या नोंदीत २५० ग्रॅम हळद पावडरीचे पाकीट हेच उदाहरण घेतले आहे. ज्याला हळद जमली, त्याला गूळ आणि बेदाणे सहज जमतात.

खिडकी आणि वेळ

खिडकीतून ऊन नको, उजेड हवा. थेट उन्हात सावलीची कड चाकूने कापल्यासारखी येते आणि पाकिटावर पांढरे डाग पडतात. उत्तरेची खिडकी असेल तर साधारण सकाळी दहा ते दुपारी चार उजेड बऱ्यापैकी स्थिर राहतो. मात्र सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन येऊ शकते, ते आधी पाहून घ्यावे. पूर्वेची खिडकी दुपारनंतर वापरावी, पश्चिमेची दुपारच्या आधी. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येते, तेव्हा तिच्यावर पांढरा सुती पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावावा.

पडद्याचा आणखी एक उपयोग आहे. बहुतेक घरांच्या खिडक्यांना गज किंवा ग्रील असते आणि चकचकीत पाकिटावर त्या गजांच्या काळ्या रेघा हुबेहूब उमटतात. ट्रेसिंग पेपर मध्ये आला की रेघा विरतात. उजेड थोडा कमी होतो, पण मोबाईल स्टँडवर असेल तर त्याने बिघडत नाही. डासांची जाळी मात्र सरकवून ठेवावी, ती नुसताच उजेड खाते.

खोलीतले सगळे दिवे बंद करावेत. ट्यूबचा किंवा एलईडीचा प्रकाश खिडकीच्या उजेडात मिसळला, की पाकिटाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर येते. हा फरक नंतर कुठल्याही ॲपने नीट निघत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. समोरच्या इमारतीची रंगीत भिंत उन्हात तापली असेल, तर तिचीही झाक कागदावर येते. अशा वेळी सरळ खिडकी बदलावी.

कागद आणि मांडणी

चादरीपेक्षा कार्डशीट बरी. चादर वापरायचीच असेल तर कडक इस्त्री करून, ताणून लावावी, कारण बाजूने येणाऱ्या उजेडात प्रत्येक चुणीला सावली पडते. कार्डशीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते. निळसर पांढरी घेऊ नये. कपडे जास्त शुभ्र दिसावेत म्हणून साबणात जसे रसायन असते, तसेच या कागदांतही असते आणि दिवसाच्या उजेडात ते निळे चमकते. दोन-तीन कागद खिडकीशी शेजारी धरले की फरक लगेच दिसतो.

टेबल खिडकीला लागून न ठेवता सुमारे दोन फूट आत घ्यावे, खिडकी डाव्या हाताला राहील असे. खिडकीच्या अगदी जवळ उजेड इतक्या वेगाने कमी होत जातो, की पाकिटाची डावी कड उजळते आणि उजवी काळवंडते. कार्डशीटची वरची कड भिंतीला किंवा उभ्या खोक्याला चिकटवावी आणि बाकीची शीट खाली गोलाई देत टेबलावर आणावी. घडी पडू देऊ नये, नाहीतर फोटोत मागे आडवी रेघ येते. पाकीट गोलाईपासून फूटभर पुढे उभे करावे म्हणजे त्याची सावली मागच्या कागदावर न पडता टेबलावरच विरते.

उजव्या बाजूला वीतभर अंतरावर थर्माकोलची पांढरी शीट उभी करावी. खिडकीचा उजेड तिच्यावरून परतून पाकिटाच्या काळ्या बाजूवर येतो. सावली फार फिकी झाली तर पाकीट हवेत तरंगल्यासारखे दिसते, म्हणून थर्माकोल थोडे लांब सारून पाहावे.

पाकीट उभे करण्यापूर्वी हलके थोपटून पावडर सपाट करावी, ती तळाशी साचली की पोट फुगते. मागून पुठ्ठ्याचा तुकडा त्रिकोणी घडी करून टेकवावा. शीटवर पडलेली हळद हाताने पुसू नये. पिवळा फराटा उठतो आणि तो जात नाही. मऊ ब्रशने झटकावी आणि एक जादा शीट जवळ ठेवावी.

चकाकी

प्लॅस्टिकवरचा पांढरा पट्टा हा खिडकीचेच प्रतिबिंब असतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, त्यामुळे खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर पट्टा पाकिटाच्या मधोमध, नेमका नावावर येतो. खिडकी बरोबर बाजूला असेल तर तो फुगीर पाकिटाच्या डाव्या कडेला सरकतो. तिथे तो थोडा राहिला तरी चालतो, उलट पाकिटाला गोलाई येते. अक्षरांवर चढत असेल तर पाकीट खिडकीपासून किंचित दूर, उजवीकडे वळवावे. घड्याळाच्या मिनिटकाट्याची एक-दोन मिनिटे एवढे वळण पुरते.

पारदर्शक पाकिटाची उजवी कड पांढऱ्या कागदात हरवते, कारण कडेवर पांढऱ्या थर्माकोलचे प्रतिबिंब आणि मागे पांढराच कागद. अशा वेळी पाकीट आणि थर्माकोल यांच्यामध्ये, फ्रेमच्या जरा बाहेर, दोन-तीन बोटे रुंद काळा कागद उभा करावा. कडेला एक बारीक गडद रेघ येते आणि पाकीट कागदापासून सुटून दिसते.

मोबाईल

आधी लेन्स पुसावी. बोटांचा तेलकटपणा असला की पांढऱ्या कागदाचा धुरकटपणा पाकिटावर पसरतो. मोबाईल पाकिटाच्या मध्याच्या उंचीवर, स्टँडवर, पाकिटाला समांतर ठेवावा आणि पडद्यावर ग्रिड चालू करावी. अगदी जवळ जाऊन मुख्य लेन्सने काढलेल्या फोटोत पाकिटाचे पोट फुगते आणि कडा मागे पळतात. त्यापेक्षा तीन-चार फूट मागे जाऊन `2x` वर काढावा. पोर्ट्रेट मोड, फिल्टर आणि सीन ओळखून रंग वाढवणारी सोय बंद ठेवावी. पोर्ट्रेट मोड पाकिटाची झिगझॅग कापलेली कड धूसर करतो आणि जेवणाचा सीन ओळखला गेला की हळद केशरी होते.

फ्रेममध्ये पांढरे जास्त असले की मोबाईल त्याला फार उजेड समजून फोटो अंधारा करतो, म्हणून कागद राखाडी येतो. पाकिटावर बोट टेकवावे, फोकस आणि उजेड लॉक करावा आणि सूर्याची खूण वर सरकवावी. बहुतेक वेळा `+0.7` ते `+1` पुरते. कागद पूर्ण शुभ्र होईपर्यंत मात्र सरकवू नये. हळदीच्या रंगात लाल भाग सर्वांत प्रखर असतो, तो आधी भरून वाहतो. मग पावडरीचा कण न् कण दिसण्याऐवजी सपाट पिवळा ठिपका उरतो, आणि गेलेला तपशील नंतर आणता येत नाही. कागद ‘जवळपास पांढरा’ ठेवावा, उरलेला नंतर उजळावा. आकडे हाताने ठरवू देणारा प्रो मोड असेल तर `ISO`, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 100 किंवा त्याखाली ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा.

पिवळा रंग

वाटीतली सुटी हळद जवळून काढली की फ्रेम पिवळ्याने भरते. मोबाईल त्याला बल्बचा पिवळा प्रकाश समजतो आणि निळे मिसळतो. हळद फिकट पडते, कागद निळसर होतो. प्रो मोडमध्ये `WB`, म्हणजे पांढऱ्याचा तोल, 5500 च्या आसपास पक्का करणे हा यावरचा सरळ उपाय. ढगाळ दिवसात उजेड जास्त निळा असतो, तेव्हा 6000 ते 6500 करून पाहावे. प्रो मोड नसेल तर वाटीभोवती भरपूर कागद येऊ द्यावा आणि नंतर फोटो कापावा.

स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये `White Balance` मधल्या ड्रॉपरने कागदावर टेकवून रंग सुधारता येतो, पण जागा निवडून. वाटीलगतच्या कागदावर हळदीचाच पिवळा उजेड पडलेला असतो. तिथे ड्रॉपर टेकवला तर ॲप तो पिवळेपणा काढायला जाते आणि अख्खा फोटो निळा होतो. खिडकीच्या बाजूचा, वाटीपासून लांबचा कोपरा घ्यावा.

शेवटची तपासणी यंत्राने होत नाही. त्याच खिडकीत पाकिटातली पावडर कागदावर काढून मोबाईलच्या पडद्याशेजारी धरावी. पडद्याचा उजेड मध्यम आणि डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड बंद हवा. फोटो पावडरीपेक्षा लाल वाटला तर रंग थोडा थंड करावा. रंगाची तीव्रता वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. ही पावडर त्याच दिवशी उघडलेली असावी, कारण हळदीतले कर्क्युमिन उजेडाने विटते आणि काही दिवस खिडकीत राहिलेली वाटी पाकिटातल्या मालाशी जुळत नाही.

पानासाठी तयारी

छापील पानावर सगळे फोटो एकाच अंतरावरून काढलेले बरे. पाकीट आणि स्टँड यांच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्याव्यात आणि १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम एकाच बैठकीत काढावेत. मग पानावर लहान पाकीट लहान आणि मोठे मोठे दिसते. ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेचा नियम वेगळा आहे. तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी, म्हणजे `255, 255, 255` आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. म्हणून मूळ फोटो जपून त्यांच्या दोन प्रती करणे सोयीचे.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. सहा सेंटीमीटर रुंद चित्राला साधारण ७१० पिक्सेल पुरतात, म्हणजे मोबाईलच्या मूळ फोटोत गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. ते वाया जातात ते पाठवताना. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. छपाईच्या शाईत प्रखर केशरी-पिवळा थोडा मळकट उतरतो. छापखान्याकडून एक नमुना पान मागवून ते खिडकीशी, खऱ्या पाकिटाशेजारी धरून पाहावे.

पाकिटाच्या मागच्या बाजूचाही फोटो काढावा. तिथे एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, घटक आणि वजन असते. या फोटोत देखणेपणापेक्षा अक्षरे महत्त्वाची. पाकीट टेबलावर आडवे ठेवून वरून, मोबाईल पूर्ण समांतर धरून काढावा आणि सर्वांत बारीक ओळ मोठी करून वाचून पाहावी. न वाचता आली तर प्लॅस्टिक ताणून, चकाकी सरकवून पुन्हा काढावा.