पेल्टिअरच्या डब्यात थंडी नक्की किती मिळते?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार सेंटिमीटर चौरस, बिस्किटाएवढी जाड, पांढरी पेल्टिअर चकती मिळते. तिला दोन वायरी असतात आणि कडेला TEC1-12706 असं छापलेलं असतं. बारा व्होल्ट दिले की एक बाजू गार होते, दुसरी गरम. दुकानदार सांगतो, "सहासष्ट अंशांचा फरक देते." ऐकणारा लगेच वजाबाकी करतो. खोलीत ३२ अंश आहेत, त्यातून ६६ गेले, म्हणजे उणे ३४. आता घरच्या घरी बर्फ!

मीही तीच वजाबाकी केली होती. ही चकती लावून केलेल्या माझ्या पहिल्या डब्यात १९ अंश मिळाले.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. ६६ अंशांचा फरक चकतीच्या दोन पृष्ठभागांमध्ये खरोखर पडतो, पण गार बाजूने एक वॉटही उष्णता उचलायची नसेल तेव्हाच. त्याच माहितीपत्रकात 'पन्नासेक वॉट उष्णता उचलते' असंही लिहिलेलं असतं, आणि ते फरक शून्य असताना. हे दोन्ही आकडे एका वेळी मिळत नाहीत. आपला डबा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि नेमका कुठे बसणार ते बहुतांशी चकतीची गरम बाजू ठरवते.

चकतीच्या आत बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक खांबांच्या १२७ जोड्या असतात. वीज वाहू लागली की प्रत्येक सांध्यावर थोडी उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे ढकलली जाते. पॅरिसमध्ये घड्याळजी म्हणून काम केलेल्या झाँ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये हे पाहिलं, म्हणून बाजारात तिला पेल्टिअर म्हणतात. गोम अशी की ढकलण्याचं काम विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात वाढतं, तर त्याच खांबांमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट केला तर काम दुप्पट होतं, आतली भट्टी चौपट. शिवाय चकती जेमतेम चार मिलिमीटर जाडीची, त्यामुळे गरम बाजूची उष्णता सतत उलटी गार बाजूकडे झिरपत असते. दर अंशाच्या फरकामागे साधारण अर्धा वॉट.

माझा डबा नऊएक लिटरचा, २५ मिलिमीटर जाड थर्मोकोलचा. अशा डब्याच्या भिंतींतून आणि झाकणाच्या फटींतून, आतबाहेर एक अंशाचा फरक असेल तर साधारण अर्धा वॉट उष्णता आत येते. वीस अंश फरक हवा तर दहा वॉट आत येणार. हवा फिरवायला आत छोटा पंखा ठेवला तर त्याचा एक वॉट वेगळा. म्हणजे चकतीने अकरा वॉट उपसत राहायचं. ऐकायला हे किरकोळ वाटतं.

पहिल्या वेळी गरम बाजूला मी एक साधा ॲल्युमिनिअमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा, आणि त्यावर छोटा पंखा लावला होता. हीटसिंकची खरी कुवत 'एक वॉट टाकला तर किती अंश तापतो' यावरून कळते. माझा ०.८ अंश तापायचा. १२ व्होल्टला चकतीने ३.७ अँपिअर ओढले, म्हणजे ४४ वॉट. आता गरम बाजूने काय काय बाहेर टाकायचं? डब्यातून उपसलेले आठेक वॉट, आणि चकतीने स्वतः खाल्लेले सगळेच्या सगळे ४४. एकूण ५२. त्याला ०.८ ने गुणलं की ४१ अंश. म्हणजे ३२ अंशांच्या खोलीत हीटसिंक ७३ अंशांवर. बोट टेकवलं तर लगेच मागे घ्यावं लागत होतं. चकती पन्नासहून जास्त अंशांचा फरक इमानदारीने टिकवत होती, पण तो मोजायचा ७३ पासून खाली, ३२ पासून नव्हे. त्यात गार बाजूच्या हीटसिंकलाही डब्यातल्या हवेपेक्षा चार-पाच अंश खाली राहावं लागतं, नाहीतर हवेतली उष्णता त्यात शिरणारच नाही. उरले १९.

मग मी जे केलं ते आधी मलाच मूर्खपणाचं वाटत होतं. व्होल्टेज १२ वरून ८ वर आणलं. चकती आता २.७ अँपिअर, म्हणजे २२ वॉट घेत होती. हीटसिंकवर एकूण ३० वॉट पडले, तो ५६ अंशांवर उतरला, आणि तासाभराने डब्यात १७ अंश दिसले. निम्मी वीज आणि दोन अंश जास्त थंडी! डबा गार होत नाही म्हणून जास्त अँपिअरची चकती आणायला धावणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी हीटसिंकचं तापमान मोजावं. खोलीपेक्षा वीस अंशांहून अधिक तापत असेल, तर दुखणं तिथेच आहे.

गरम बाजूला नंतर जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा कूलर बसवला, तांब्याच्या नळ्या आणि मोठा पंखा असलेला. तो एका वॉटला ०.३ अंश तापतो. आता १२ व्होल्टला चकतीने ५३ वॉट घेतले, पण गरम बाजू ५२ अंशांवरच थांबली आणि डबा सातपर्यंत उतरला. मी खुशीत झोपलो. सकाळी पाहतो तर दहा. गार बाजूच्या पात्यांवर पांढरा बर्फ धरला होता. डब्यात सात अंश असले तरी पाती शून्याच्या खाली गेली होती, हवेतली वाफ त्यांच्यावर गोठली, फटी बुजल्या आणि पंख्याची हवा आत जाईना. व्होल्टेज १० केल्यावर पाती शून्याच्या किंचित वर राहिली, वीज ३५ वॉटवर आली आणि डबा ९ अंशांवर दिवसभर स्थिर राहिला. माझ्या मते या डब्याची खरी जागा हीच. खोलीपेक्षा २३ अंश खाली, आणि तेही जुळणी नीट असेल तर. थोडी ढिलाई धरली तर पंधरा ते वीस अंश म्हणावेत आणि समाधान मानावं.

जुळणीत दोन गोष्टी फार नडतात. एक म्हणजे चकती चारच मिलिमीटर जाड असल्यामुळे दोन्ही हीटसिंक एकमेकांच्या उरावर येतात आणि मधल्या फटीतून उष्णता थेट उडी मारते. गार बाजूला चकतीच्याच मापाचा, २५ मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनिअमचा ठोकळा घातला की दोघांमध्ये थर्मोकोलची भिंत बसते. दुसरं, आवळण्याचे स्क्रू हेसुद्धा गरम बाजूकडून गार बाजूकडे जाणारे धातूचे पूलच. बारीक स्टीलचे स्क्रू आणि डोक्याखाली नायलॉनचे वॉशर घ्यावेत. ते आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू घट्ट केली तर वरचं सिरॅमिक तडकतं, आणि तो आवाज ऐकू येतो. थर्मल पेस्टचा थर पातळ हवा, पोळीवर तूप लावतो तसा. चकतीच्या कडा सिलिकॉनने बंद करायच्या, कारण गार बाजूला धरलेलं दव आत शिरलं की सांधे गंजतात. चकतीचा रोध दर महिन्याला मोजला आणि तो वाढत चाललेला दिसला, तर आतला एखादा सांधा सुटत चालला असं समजावं.

हीटसिंकशिवाय चकतीला १२ व्होल्ट कधीच द्यायचे नाहीत. आतलं झाळकाम साधारण १३८ अंशांना वितळतं आणि तिथवर पोचायला काही सेकंद पुरतात. गार बाजू कुठली हे पाहायचं असेल तर पेन्सिल सेल पुरतो, बोटाला लगेच कळतं.

थर्मोस्टॅटचा मोह मलाही झाला होता. नऊ अंश झाले की रिले बंद, बारा झाले की चालू, फ्रिजसारखं. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाला तर बाहेरची उष्णता सहज आत परतत नाही. चकती बंद केली की ती भिंतीतलं भोकच होते. दर अंशाला अर्धा वॉट, म्हणजे आख्ख्या थर्मोकोलच्या डब्यातून जेवढी गळती तेवढीच एकट्या चकतीतून. त्यात सततच्या गरम-गारच्या हेलकाव्यांनी सांधे लवकर तुटतात. त्यापेक्षा बक कन्व्हर्टरने व्होल्टेज हळूहळू कमी-जास्त करावं. दिव्याच्या डिमरसारखे चालू-बंदचे झटके थेट चकतीला देऊ नयेत, कारण प्रत्येक झटक्यात प्रवाह पूर्ण असतो आणि वर्गाचा तो नियम तेव्हाही वसुली करतोच.

आता विजेचं. चकती ३५ वॉट, दोन पंखे मिळून ४, वर अडॅप्टरमध्ये वाया जाते ती. भिंतीतून साधारण ४६ वॉट. चोवीस तासांत १.१ युनिट. एका दाराचा, दोनशे लिटरच्या आतला चांगला फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास घेतो. म्हणजे वीस पट मोठ्या फ्रिजपेक्षा हा डबा दुप्पट वीज खातो! गाडीच्या ४० अँपिअर-अवर बॅटरीवर, तिची निम्मीच क्षमता वापरायची असं धरलं, तर साडेपाच तास.

आणि घाई असेल तर हा डबा कामाचा नाही. ३२ अंशांचं एक लिटर पाणी १२ अंशांवर आणायला ८४ हजार जूल काढावे लागतात. भिंतींतून आत येणारी उष्णता वजा केल्यावर सरासरी बारा वॉट हाती राहिले, तरी दोन तास लागतात. सहा बाटल्या कोंबल्या तर संध्याकाळ होते. आधीच गार केलेल्या बाटल्या गार ठेवायला मात्र तो उत्तम.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, इन्शुलिन ठेवता येईल का. मी नाही म्हणालो. न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश लागतात. ३२ अंशांच्या खोलीतच माझा डबा नऊवर थांबतो. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात ४२ अंश असतात, तेव्हा त्याच २३ अंशांच्या फरकाने आत १९ येतात. त्याच दिवसांत, हवा कोरडी असल्यामुळे, ओट्यावरच्या माठातलं पाणी एकही वॉट न खाता पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरलेलं असतं. सहा-सात अंशांसाठी दिवसाला १.१ युनिट मोजायचं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.