घसा बसणं आणि आवाजावर गाठी येणं: विश्रांतीने बरं होतं ते यातलं एकच

घसा बसणं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते आधी उरकून टाकते. सर्दी होते, विषाणूमुळे स्वरयंत्र सुजतं, आवाज एका रात्रीत खोल जातो. सोबत घसा दुखतो, अंगात कणकण असते. गप्प राहिलं की आठवडा-दोन आठवड्यांत आवाज ठिकाणावर येतो. झालं.

आता दुसरी गोष्ट. गाडीवर माल विकताना दिवसभर पुकारणारे, गाडीत प्रवासी भरणारे, मैदानावर कवायत घेणारे, यांचा आवाज पाच-सहा महिने घोगरा असतो आणि घरचे म्हणतात, "घसा बसलाय, गुळण्या कर." या गुळण्यांचा मला मनस्वी कंटाळा आलाय. गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. ते श्वासाच्या वाटेवर आहे, तिथे पाणी गेलं तर जीव कासावीस होईल इतका ठसका लागेल. चघळायच्या गोळीचा रसही अन्ननलिकेत उतरतो. खवखव शमते, ओरडून ओरडून स्वरयंत्रात आलेली गाठ आहे तिथेच असते.

या गाठींना डॉक्टर 'नोड्यूल' म्हणतात. आपण 'स्वरतंतू' म्हणतो आणि लोकांच्या डोळ्यांपुढे तंबोऱ्याच्या तारा येतात, पण प्रत्यक्षात त्या दोन मऊ, ओलसर घड्या असतात. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात. बाईच्या साध्या बोलण्यात सेकंदाला सुमारे 200 वेळा, पुरुषाच्या त्याहून कमी, आणि उंच पट्टीत ओरडताना 300 किंवा जास्त वेळा. थरथरणाऱ्या भागाच्या मधोमध आघात सर्वांत जोराचा बसतो आणि तिथेच, दोन्ही बाजूंना समोरासमोर, आधी मऊ सूज आणि पुढे घट्ट गाठ तयार होते. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो, तसंच. मग घड्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाज फुसका येतो. माणूस आणखी जोर लावतो. जोर लावला की आघात वाढतो.

सगळे फसतात ते विश्रांतीपाशी. बसलेला घसा विश्रांतीने बरा होतो, कारण तिथे कारण बाहेरून आलेलं असतं आणि ते निघून जातं. गाठींचं कारण तुमच्या पुकारण्याच्या पद्धतीत असतं. आठ दिवस गप्प बसलात तर सूज उतरते, आवाज मोकळा होतो, आणि तुम्ही म्हणता, "बघा, आरामच हवा होता." धंद्यावर परतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज पुन्हा गेलेला असतो, कारण आघात होता तसाच आहे. विश्रांतीने आवाज सुधारतो म्हणून 'गाठ नसणारच' असं समजणं, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. उलट, सकाळी बरा, संध्याकाळी घोगरा, सुट्टीनंतर सुधारलेला आणि कामावर पुन्हा बिघडलेला असा आवाज गाठींकडेच बोट दाखवतो. दुखणं बहुधा नसतंच, थकवा असतो. आणखी एक खूण म्हणजे एखादी ओळखीची चाल वरच्या पट्टीत, अगदी हळू गुणगुणून बघा. मोठ्याने जमतं, पण हळू म्हणताना सूर तुटतो किंवा नुसती हवा येते, तर घड्यांच्या कडेवर काहीतरी आहे.

पण काय आहे, हे नुसतं ऐकून कोणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. आवाज 4 आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर 4 आठवडेही थांबू नका, कर्करोगाची सुरुवातही अशाच घोगरेपणाने होते. एका जोरदार ओरडण्यानंतर अचानक आवाज गेला असेल, तर बहुधा एका बाजूला, कधी रक्त साकळून पॉलिप नावाचा मऊ फुगवटा येतो. त्याला शस्त्रक्रिया बरेचदा लागते. नोड्यूलला आधी थेरपी.

थेरपी म्हणजे काय, ते हिशोबानेच सांगते. एक फेरीवाली डोळ्यासमोर आणा. रोज 5 तास उभी, मिनिटाला 4 आरोळ्या, प्रत्येक 3 सेकंदांची. म्हणजे दिवसाकाठी 1 तास नुसत्या आरोळ्या, आणि सेकंदाला 300 धरले तर 10 लाख 80 हजार आघात. तिला 'ओरडू नका' सांगणं म्हणजे 'धंदा बंद करा' सांगणं. असा सल्ला देणाऱ्यांचा मला रागच येतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त मोजायचं, कोणत्या आरोळीला गिऱ्हाईक वळलं. बऱ्याच आरोळ्या रिकाम्या रस्त्याला दिलेल्या निघतात. माणूस टप्प्यात आल्यावर मिनिटाला एकच, 2 सेकंदांची आरोळी दिली तर दिवसाचे 1 लाख 80 हजार आघात उरतात. मधल्या वेळात घंटा वाजवावी. गाडी गोंगाटापासून दूर, भिंत पाठीशी घेऊन लावावी, कारण आजूबाजूला गलका वाढला की आवाज नकळत चढतो.

मग आरोळीची सुरुवात. 'ए', 'आ' अशा स्वरावर झटका देऊन सुरू केलं की घड्या आधी घट्ट मिटतात आणि फाडकन उघडतात. तीच हाक 'हो' किंवा 'म'वरून सुरू केली तर हवा आधी येते, आघात सौम्य होतो. सोबत नळीचा व्यायाम: पेल्यात पाणी, नळीचं टोक 2-3 सेंटिमीटर बुडालेलं, आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. तोंडाशी अडलेली हवा मागे दाब देते, त्यामुळे घड्या जोरात न आपटता थरथरतात. हा सुटा आवाज ओठांशी, नाकापाशी कंप पावताना जाणवतो. तोच पुढे बोलण्यात आणि मग आरोळीत न्यायचा. ही शेवटची पायरी गाळली की थेरपी फसते, खोलीत आवाज छान आणि गाडीवर जुनाच.

कुजबुजणं मात्र विश्रांती नव्हे, जोर लावून कुजबुजताना अनेकांचं स्वरयंत्र आणखी आवळतं. सारखं खाकरणंही तसंच, त्याऐवजी घोट पाणी घ्या. आणि शक्य असेल तर कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घ्या, माझं हे ठाम मत आहे. आवाज बिघडलेल्या शिक्षकांवर झालेल्या 2002 मधल्या एका चाचणीत ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला, आवाजाच्या काळजीचे नुसते धडे मिळालेल्यांचा तसा झाला नाही.

साधारण आठवड्याला एक अशा 6 ते 8 बैठकांत, दोन-तीन महिन्यांत मऊ गाठी लहान होतात, बऱ्याचदा नाहीशाही होतात. जुन्या, घट्ट झालेल्या गाठी पूर्ण जातीलच असं नाही, पण गाठ राहूनही आवाज कामापुरता मोकळा होऊ शकतो. तरी भागलं नाही तर शस्त्रक्रिया. तीही थेरपीच्या जोडीनेच, नाहीतर त्याच आरोळीने त्याच जागी गाठ पुन्हा येते.